प्राथमिक शाळेतली हात धुणं आणि दृष्टी तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात मी परिचारिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पहिली ते पाचवीची मुलं आमच्यासमोर येतात तेव्हा त्यांच्याशी माझी पहिली भेट होते ती हात धुण्याच्या नळावर आणि दुसरी ‘ई’च्या तक्त्यासमोर. गुरुजी, बाई, आशाताई आणि पालक हेच प्रश्न फोनवर, चिठ्ठीवर आणि गाडी निघताना खिडकीतून विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. तुमचं पथक कोणाकोणाला तपासतं आणि किती वेळा येतं?

हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते. विनाअनुदानित खासगी शाळा यात येत नाहीत. तिथल्या पालकांनी मूल पहिलीत जाताना एकदा सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवून घ्यावं. आमच्या भेटीत दात, त्वचा, हिमोग्लोबिन असं बरंच काही पाहिलं जातं, पण या पानावर फक्त हात आणि डोळे.

२. नळ एकच, मुलं एकशेवीस. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे हात धुऊन कसे होणार?

एका नळावर होणार नाहीत, हे आधी मान्य करू. नीट हात धुवायला एका मुलाला चाळीस सेकंद धरले तर एकशेवीस मुलांना ऐंशी मिनिटं लागतात. तोवर खिचडी थंड होते. म्हणून बहुतेक शाळांत प्रत्यक्षात पुढची वीस मुलं हात धुतात आणि बाकीची ओले करतात.

यावर चालणारा उपाय स्वस्त आहे. टाकीला पीव्हीसीचा आडवा पाइप जोडायचा, टोकाला टोपी बसवायची आणि पाइपाला खालच्या बाजूने वीतभर अंतरावर दहा बारीक छिद्रं पाडायची. एकच तोटी उघडली की दहा धारा सुरू होतात. दहा-दहा मुलांच्या बारा तुकड्या, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे बारा मिनिटांत शाळा मोकळी. तोटी उघडणं-बंद करणं हे एका मोठ्या मुलाचं काम. हात ओले झाले की तोटी बंद, साबण चोळून झाल्यावर पुन्हा सुरू. माणशी अर्धा लिटर पाणी धरलं तर साठ लिटर लागतं. दोनशे लिटरच्या पिंपात तीन दिवस निघतात.

छिद्रं मोठी पाडू नका. पहिल्या छिद्रातून धो-धो आणि दहाव्यातून थेंब-थेंब असं झालं की छिद्रं मोठी आहेत किंवा पाइप टाकीपासून दूर जाताना वर चढतो आहे, हे समजा. पाइपाची उंचीही मोजून ठेवा. पहिलीच्या मुलाच्या कमरेशी आली पाहिजे, नाहीतर पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि बाह्या भिजतात. बाह्या भिजल्या की लहान मुलं दुसऱ्या दिवशी नळाकडे फिरकत नाहीत. हे कोणी सांगत नाही, पण मी पाहिलं आहे.

३. हात धुण्याची योग्य पद्धत कोणती? मुलांना लक्षात राहील अशी सांगा.

‘सुमन-क’ हा शब्द अनेक शाळांत फळ्याशेजारी लिहिलेला असतो. सुलट, उलट, मूठ, अंगठा, नख आणि क म्हणजे कलाई, आपलं मनगट. या क्रमाने साबण चोळायचा. चोळणं किमान वीस सेकंद चाललं पाहिजे. बाईंनी एक ते वीस आकडे सावकाश म्हणून घेतले तरी होतं.

सुलट-उलट सगळे करतात. राहतात ते अंगठे आणि नखांची टोकं. हे मुलांना दाखवायला खोबरेल तेलात कोळशाची बारीक पूड कालवून ती पाच मुलांच्या हाताला फासा आणि डोळे मिटून नेहमीसारखे हात धुवायला सांगा. डोळे उघडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी आणि नखांच्या कडेला काळं तसंच दिसतं. एकदा हे पाहिलेलं मूल पुढच्या वेळी अंगठा आपोआप मुठीत धरून फिरवतं. नखं वाढलेली असतील तर मात्र कितीही चोळा, आत राहणारच. सोमवारी नखं पाहणं हे हात धुण्याइतकंच काम आहे.

४. साबणाच्या वड्या दोन दिवसांत गायब होतात. काय करावं?

वडी जुन्या मोज्यात किंवा कांद्याच्या जाळीत बांधून पाइपाला टांगा. मुलांनी जाळीवरूनच हात चोळायचे. दुसरा मार्ग साबणाच्या पाण्याचा: दीड लिटर पाण्यात सुमारे तीस ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवायची, बाटलीच्या झाकणाला छिद्र पाडायचं आणि हातावर थोडं-थोडं ओतायचं. वडीपेक्षा स्वस्त पडतं आणि खिशात घालून नेता येत नाही. बाटलीवर ‘पिण्याचे नाही’ असं ठळक लिहा आणि ती पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवा.

तसं म्हटलं तर साबण संपत असेल तर ती चांगली खूण आहे. तपासणीला गेल्यावर मी प्रथम वडीच पाहते. तीन आठवड्यांपूर्वीची वडी अजून अक्षरांसकट कोरी दिसली, तर रजिस्टरमध्ये काहीही लिहिलेलं असो, तिथे कोणी हात धुतलेले नाहीत.

५. सॅनिटायझरच्या बाटल्या उरल्या आहेत. त्या वापरल्या तर चालतील का?

जेवणाआधी नको. अंगणात खेळून आलेल्या हातावर माती आणि घाम असतो, त्यावर सॅनिटायझर नीट काम करत नाही. जंतांची अंडी त्याने मरत नाहीत, आणि जुलाब-उलटीचे काही विषाणूही त्याला दाद देत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी ही अंडी आणि विषाणू धुवून काढतात. वर्षातून दोनदा जंतनाशक दिनाला अल्बेंडेझोलची गोळी दिली, तरी पुढच्या दिवशीपासून हात न धुणाऱ्या मुलाच्या पोटात अंडी पुन्हा जायला सुरुवात होते.

दुसरी अडचण डोळ्यांची. दाबायची बाटली टेबलावर ठेवली की तिचं तोंड पहिलीच्या मुलाच्या चेहऱ्यासमोर येतं आणि फवारा डोळ्यात जातो. असं झालं तर डोळा लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं धुवा. मगच पुढचा फोन.

६. साबणाऐवजी राख किंवा माती चालते का? आमच्या आजीच्या वेळी चालायची.

माती नको. जंतांची अंडी मातीतच असतात. राखेने घासण्याचा फायदा होतो, पण साबणाइतकी खात्री देता येत नाही आणि मुलांच्या हाताला चिरा असतील तर ती झोंबते. जंतुनाशक म्हणून विकला जाणारा महाग साबणही लागत नाही, साधी वडी पुरते.

७. हात पुसायला वर्गात एक टॉवेल ठेवला तर?

ठेवू नका. झटकून वाळू द्या किंवा ज्याचा त्याचा रुमाल. याचं कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

८. डोळे तपासता म्हणजे नक्की काय करता? दोन मिनिटांत कसं होतं?

शाळेत होते ती चाळणी आहे, पूर्ण तपासणी नव्हे. सहा मीटरवर तक्ता लावलेला असतो. त्यावर ‘ई’ अक्षर चार दिशांना वळवलेलं असतं. अक्षर ओळख नसलेल्या मुलाला मी विचारते, “टेबलाचे पाय कुठे गेले?” ते हाताने वर, खाली, इकडे, तिकडे दाखवतं. आधी जवळून दोन्ही डोळ्यांनी सराव, मग सहा मीटरवर जाऊन एकेक डोळा स्वतंत्र. आम्ही ६/९ ची ओळ विचारतो, म्हणजे निरोगी डोळा जी ओळ नऊ मीटरवरून वाचतो ती सहा मीटरवरून. चारपैकी तीन खुणा बरोबर आल्या तर डोळा पास.

नुसता अंदाज मारून चारात तीन बरोबर येण्याची शक्यता साधारण विसात एक असते. म्हणून मुलाने पटापट उत्तरं दिली तरी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. भुवया आक्रसल्या, मान तिरकी झाली किंवा उत्तर यायला वेळ लागला तर मी तीच ओळ उलट्या टोकाकडून पुन्हा विचारते.

९. डोळा कसा झाकायचा? मुलं बोटांच्या फटीतून बघतात.

बघणारच. तळहाताचा खोलगट भाग डोळ्यावर ठेवायला सांगा, बोटं नव्हे, आणि डोळा दाबू देऊ नका. दाबलेला डोळा पुढचा मिनिटभर धूसर दिसतो आणि चांगला डोळा नापास होतो. आम्ही लांब दांड्याचं झाकण वापरतो. दोन मुलांमध्ये ते स्पिरिटने पुसतो, आणि माझे हात धुऊन होईपर्यंत पुढचं मूल बसत नाही.

एवढं करूनही खिडकीतून मदत येते. एका शाळेत तिसरीतला मुलगा सगळ्या दिशा बरोबर सांगत होता. माझी नजर मागे गेली तर बाहेरचे दोन मित्र हाताने वर-खाली करत होते. त्या दिवसापासून तक्त्याच्या बाजूची खिडकी बंद आणि रांग व्हरांड्यात, पाठ करून.

१०. वर्ग लहान आहे, चार मीटरच अंतर मिळतं. चार मीटरवर घेतलं तर?

सहा मीटरसाठी छापलेला तक्ता चार मीटरवर लावला तर चुकीची मुलं पास होतात. कशी ते पाहा. ६/९ ची ओळ चार मीटरवरून वाचली म्हणजे प्रत्यक्षात ४/९ वाचलं, आणि त्याची सहा मीटरची बरोबरी ६/१३.५ होते. ज्याची दृष्टी ६/१२ आहे, म्हणजे जो खरं तर पुढे पाठवायला हवा, तो मुलगा इथे हसत पास होतो. रजिस्टर सुंदर दिसतं, मुलगा मात्र फळ्याशी झुंजत राहतो.

खोली आडवी न घेता कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी मोजा, किंवा व्हरांडा घ्या. तेही नसेल तर तीन मीटरसाठी छापलेला वेगळा तक्ता मागवा. ओळी मनाने बदलू नका. फरशीवर खडूने रेघ आखा आणि ती टेपने मोजा, पावलांनी नको. तक्ता मुलाच्या डोळ्याच्या उंचीला, उजेड तक्त्यावर पडलेला आणि तक्त्यामागे खिडकी नाही, एवढं पाहा.

११. शिक्षकांनी आधी घेतलं तर चालतं का? आम्हाला येईल का?

येतं. पुष्कळ ठिकाणी आधीची चाळणी शिक्षकच करतात आणि मग नापास मुलं आम्ही दुसऱ्यांदा पाहतो. अर्ध्या दिवसाचं शिकवणं पुरतं. एक सवय सोडावी लागते ती म्हणजे कौतुकाने सांगून देणं. “हां, बरोबर, आता ही?” असं म्हटलं की मूल तुमच्या आवाजावरून दिशा बदलतं. मान हलवू नका, फक्त “पुढचं” म्हणा.

पहिल्यांदा नापास झालेल्यांतली काही मुलं दुसऱ्यांदा पास होतात. घाबरलेली असतात, खेळून थकलेली असतात. त्यात काही वाईट नाही. चाळणीतून चार खडे जास्त आले तरी चालतील, पण दाणा सुटू नये.

१२. माझा मुलगा लांबून एसटीची पाटी वाचतो. तुम्ही त्याला एका डोळ्याने कमी दिसतं म्हणता. असं कसं?

हा प्रश्न मला एका वडिलांनी जरा चिडून विचारला होता, आणि उत्तर सावकाश द्यायला हवं.

मुलगा दुसरीत, सात वर्षांचा. दोन्ही डोळ्यांनी तक्ता घडाघडा. उजवा डोळा उघडा ठेवला तेव्हाही शेवटची ओळ. उजवा झाकला तसा मुलगा मान वळवून झाकणाच्या कडेने डोकवायला लागला. मी झाकण सरळ केलं तर तो म्हणाला, “मॅडम, ह्याने मजा येत नाही.” डाव्या डोळ्याने तो ६/२४ वर अडला.

उपजिल्हा रुग्णालयात बाहुली रुंदावण्याचं मलम तीन दिवस घालून पुन्हा नंबर काढला. उजव्याला अधिक अर्धा, डाव्याला अधिक साडेचार. डावा डोळा आतून निरोगी होता, पण त्यातून येणारं चित्र लहानपणापासून धूसर होतं. मेंदूने ते मानणं सोडून दिलं आणि उजव्यावर काम भागवलं. याला आळशी डोळा म्हणतात. एसटीची पाटी वाचणारा उजवा होता. दोन्ही उघडे असताना घरच्यांना हा दोष कळणं शक्यच नव्हतं, मुलालाही नाही, कारण त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

चष्मा दिला, दिवसभर लावायला. तीन-चार महिने नुसत्या चष्म्याने डावा थोडा वर आला. मग उजव्यावर रोज दोन तास पट्टी. पट्टी लावून चित्र रंगवणं, धान्य निवडणं, मणी ओवणं. पहिला आठवडा रडारडीचा गेला, कारण पट्टी लावली की त्याला खरोखरच कमी दिसायचं. आजीने ते तास टीव्हीच्या मालिकेशी जोडले आणि निभावलं. पुढच्या वर्षी शाळेत मीच तपासलं तेव्हा डावा डोळा ६/९ वाचत होता.

हे सात-आठ वर्षांपर्यंत सर्वांत चांगलं साधतं. पुढेही काही मुलांत फरक पडतो, पण वेळ जास्त लागतो आणि मिळकत कमी होते. पहिली-दुसरीच्या मुलांना आम्ही घाईने तपासत नाही ते यासाठीच.

१३. शाळेत पास झालं म्हणजे डोळे ठीक, असं धरायचं का?

नाही. दूरच्या तक्त्यावर अधिक नंबर लपू शकतो, कारण लहान मूल डोळ्याच्या आतल्या स्नायूचा जोर लावून धूसर चित्र काही वेळ स्पष्ट करून घेतं. अशा मुलाला वाचताना डोकं दुखतं, ओळी हरवतात, डोळ्यांतून पाणी येतं. ही तक्रार असेल तर पास असूनही पाठवा.

तक्ता न विचारता थेट पाठवायची मुलंही आहेत: तिरळेपणा दिसत असेल, बाहुलीत पांढरं दिसत असेल, डोळ्याला मार लागला असेल, किंवा संध्याकाळी अंधार पडला की मूल अडखळत असेल. शेवटच्यात जीवनसत्त्व अ ची कमतरता पाहावी लागते. बोलण्या-समजण्यात मागे असलेल्या मुलांना ‘सहकार्य केलं नाही’ असा शेरा मारून सोडू नका. त्यांच्यातच डोळ्यांचे दोष जास्त सापडतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्यांची वेगळ्या पद्धतीने तपासणी होते.

आधीपासून चष्मा असलेल्या मुलाला चष्मा लावूनच तपासा. काच ओरखडलेली असेल तर आधी काच बदला.

१४. शाळेत डोळे आले आहेत. तपासणी ठेवावी का?

दृष्टी तपासणी पुढे ढकला. चिकट, पाणावलेल्या डोळ्याने कोणी नापास झालं तरी त्याचा अर्थ लागत नाही, आणि एकाच्या डोळ्यावरचं झाकण दुसऱ्याच्या डोळ्यावर जाणं ही साथ पसरवायची सोपी पद्धत आहे. २०२३ च्या जुलैत आळंदी परिसरात सुरू झालेली डोळ्यांची साथ राज्यभर पसरली, तेव्हा अनेक पथकांचं वेळापत्रक बदललं.

ही साथ नुसतं बघितल्याने होत नाही. डोळा चोळलेला हात, मग फूटपट्टी, बाक, टॉवेल, मग दुसऱ्याचा हात आणि त्याचा डोळा, असा तिचा रस्ता आहे. म्हणून प्रश्न ७ मधला टॉवेल नको. चिपडं आलेलं मूल बरं होईपर्यंत घरी राहिलेलं बरं. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. लाली लवकर जाते, पण आत बुबुळाचा आजार असेल तर तो वाढतो.

१५. चष्मा लावला की नंबर वाढतो, आणि मुलीला लावला तर पुढे लग्नाला अडचण येते, असं गावात म्हणतात.

वाढत्या वयात वजा नंबर वाढतोच, चष्मा लावला किंवा नाही लावला तरी. चष्मा काढून ठेवल्याने तो थांबत नाही. रोज सुमारे दोन तास उघड्यावर, उजेडात खेळण्याने वजा नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. गाजराने नंबर जात नाही.

लग्नाचं म्हणाल तर मी वाद घालत नाही. मी मुलीच्या आईला तक्त्यापाशी उभी करते, मुलीचा चष्मा काढून तिला ओळ वाचायला सांगते, मग चष्मा लावून. बहुतेक वेळा पुढचं बोलणं आईच करते.

१६. चष्म्याचे पैसे लागतात का? आणि चिठ्ठी मिळूनही मुलं का जात नाहीत?

शाळा तपासणीत दोष सापडलेल्या गरजू विद्यार्थ्यांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मा मिळतो. अडचण चष्म्याची नसते, दिवसाच्या मजुरीची आणि गाडीभाड्याची असते. संदर्भ चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळलेली मला दुसऱ्या वर्षी सापडली आहे. म्हणून आता चिठ्ठी मुलाच्या हातात देत नाही. गावातल्या सगळ्या नापास मुलांसाठी एकच दिवस ठरवतो, नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याला आधी फोन करतो आणि एका गाडीत सगळ्यांना नेतो. आशाताईंकडे नावांची एक प्रत राहते. महिन्याने चष्मा नाकावर आहे का, हे पाहायला त्या शाळेत नव्हे तर घरी जातात, कारण घरी तो कपाटात असतो.

१७. आमच्या गावातली अर्धी मुलं ऊसतोडीला जातात. त्यांचं काय?

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पथकाचं वेळापत्रक डिसेंबर-जानेवारीत पडलं तर ही मुलं दरवर्षी सुटतात, आणि हजेरीत ती ‘गैरहजर’ म्हणून निघून जातात. अशा शाळांची तपासणी जून ते सप्टेंबरमध्ये ठेवा, असं मुख्याध्यापकांनी लेखी मागावं. आम्हाला ते बदलता येतं.

चष्मा मिळालेल्या मुलाबरोबर नंबराचा कागद प्लास्टिकमध्ये घालून द्या आणि एक फोटो वडिलांच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. फडात चष्मा मोडला तर त्या भागातल्या सरकारी रुग्णालयात त्या फोटोवरून दुसरा करता येतो. पट्टी चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र मी डॉक्टरांना जाण्याआधीच विचारते. कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागी उभारलेल्या झोपडीत राहून कोणी दोन तास पट्टी सांभाळेल का, की काही दिवस आजीकडे ठेवता येईल, हे घरच्यांशी बसून ठरवावं लागतं. हात धुण्यासाठी तिथे पाइप-टाकी नसतेच. पाच लिटरचा कॅन दोरीने टांगून पायाने ओढायचा नळ निघण्याच्या आठवडाभर आधी मुलांकडूनच बनवून घेतो, म्हणजे ती तिथे जाऊन पुन्हा बनवू शकतात.